वार्षिक मूल्यमापनाचे पत्र आणि चुकलेल्या मुदतीची व्यवस्था

मार्च महिन्याच्या मध्यास कारखान्यांच्या आणि कचेऱ्यांच्या एचआर विभागाकडून एक ई-मेल निघतो. ज्यांच्या हाताखाली माणसे प्रत्यक्ष काम करतात अशा सर्व मॅनेजरांच्या नावे तो असतो आणि अप्रेझलचे कोणते काम कोणत्या तारखेपर्यंत पुरे करावयाचे, हे त्यात सांगितलेले असते. असले शेकडो मसुदे एकमेकांसारखे असतात. आरंभी वर्षभराच्या परिश्रमांबद्दल आभार, मध्ये चार तारखा आणि शेवटी ‘वेळेत सहकार्य करावे’ अशी विनंती. वाचणारा तो वाचतो, त्यातल्या तारखा विसरतो आणि शेवटच्या दिवशी सायंकाळी कोणीतरी दूरध्वनी केला की अठरा माणसांचे वर्ष दोन तासांत निकालात काढतो. हा दोष मॅनेजरच्या आळसाचा आहे असे मानण्याची एचआरमध्ये वहिवाट आहे. माझ्या मते तो बहुतांशी पत्राचा दोष असतो. कारण तारीख उलटल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी काय होईल, हे त्या पत्रात कोठेच लिहिलेले नसते, आणि ज्या मुदतीच्या पलीकडे काहीच घडत नाही ती मुदत कोणी पाळावी अशी अपेक्षा करणे व्यवहाराला धरून नाही.

विवेचनासाठी एक कल्पित कारखाना घेऊ. चाकणच्या परिसरात वाहनांचे सुटे भाग करणारा, मासिक पगारावरील ४२० माणसांचा, ज्यांच्याकडे मूल्यमापनाचे काम आहे असे ३८ मॅनेजर असलेला. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, पगारवाढ १ एप्रिलपासून लागू होते आणि ती मागील थकबाकीसह मे महिन्याच्या पगारात द्यावयाची असा तेथील शिरस्ता आहे. या सर्व व्यवस्थेत एकच तारीख अशी आहे की जी कोणाच्या विनंतीने हलत नाही. महिन्याचे वेतन पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत हाती पडले पाहिजे असे कायदा सांगतो. त्यासाठी पगारपत्रकाची आकडेमोड आणि तपासणी व्हावयाची. आणि म्हणून लेखा विभाग २० मे रोजी नवे आकडे घेणे बंद करतो. वेळापत्रक लिहिणाऱ्याने लेखणी प्रथम या २० मेवर टेकवावी आणि तेथून मागे मागे यावे. सामान्यतः नेमके उलटे होते. १ एप्रिलपासून आरंभ करून प्रत्येक टप्प्याला आठ-दहा दिवस सढळ हाताने वाटले जातात, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात असे ध्यानात येते की ज्या टप्प्यावर खरा विचार व्हावयाचा त्यासाठी दीड दिवस शिल्लक आहे.

२०२६ च्या दिनदर्शिकेवर हा मागे जाण्याचा हिशेब असा होतो. २० मे बुधवार. पगारवाढीचे आकडे लेखा विभागाच्या हवाली करण्यास १३ मे, कारण चुका निघतात आणि त्या दुरुस्त करावयास आठवडा लागतो. त्याआधी प्लांट हेडची मंजुरी, ८ ते १२ मे. त्याआधी समतोलाची बैठक, जिला कारखान्यांत कॅलिब्रेशन म्हणतात. तीत सर्व विभागप्रमुख एकत्र बसून एका विभागातला ‘उत्तम’ आणि दुसऱ्या विभागातला ‘उत्तम’ एकाच मापाचा आहे की नाही हे पाहतात. तिला ४ ते ६ मे. म्हणजे मॅनेजरांचे लेखन एप्रिलअखेर हाती आले पाहिजे, आणि लिहिणाऱ्याची लेखणी सवयीने ‘३० एप्रिल’ असे उमटवू पाहते. येथे थांबावे. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि त्या वर्षी ३० एप्रिल हा गुरुवार आहे. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन. महिन्याची अखेर म्हणून सहज लिहिलेली ती तारीख वस्तुतः सुट्टीच्या दिवशी पडते, जोडून दुसरी सुट्टी येते, आणि राहिलेल्यांना तगादा करावयास बैठकीपूर्वी केवळ शनिवार-रविवार उरतात. तेव्हा मुदत २७ एप्रिल, सोमवार ही ठेवावी, आणि त्यापुढचे दोन कामाचे दिवस विलंबाच्या व्यवस्थेसाठी राखून ठेवावे. ते दिवस राखले आहेत हेही पत्रात लपवू नये. लपविलेली सवलत एकदा उघडकीस आली की पुढील वर्षी तीच खरी मुदत समजली जाते.

आता मॅनेजरच्या बाजूने पाहू. कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या कामाचे निवेदन १ ते १३ एप्रिलच्या दरम्यान भरावयाचे. १४ तारखेस डॉ. आंबेडकर जयंतीची सुट्टी. १५ पासून मॅनेजरचे काम सुरू. १५ ते २७ या अवधीत दोन गुरुवार वगळता अकरा दिवस कामाचे. ४२० माणसे आणि ३८ मॅनेजर, म्हणजे सरासरीने दरडोई अकरा. परंतु सरासरीने कोणाचे काम होत नसते, आणि प्रेस शॉपच्या मॅनेजरकडे अठरा माणसे आहेत. एका माणसाशी अर्धा तास बोलणे आणि पाऊण तास लिहिणे असे धरले, तर अठरांचे साडेबावीस तास होतात. अकरा दिवसांवर वाटले तर रोजचे दोन तास. उत्पादनाचा भार सांभाळून हे शक्य आहे, पण पहिल्या दिवसापासून आरंभ केला तरच. हे साधे गणित पत्रात लिहिलेले मी क्वचितच पाहिले आहे. वास्तविक ‘शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये’ या उपदेशापेक्षा ‘आपल्याकडे अठरा माणसे आहेत, रोज दोन तास लागतील’ हे वाक्य अधिक परिणाम करते; आणि ज्याला हा आकडा अशक्य वाटतो तो निदान मार्चमध्येच तसे कळवितो, मग त्याच्या माणसांपैकी काहींचे काम त्याच्या हाताखालील अनुभवी सुपरवायझरकडे सोपविता येते.

मॅनेजरने करावयाच्या कृती चारच आहेत. वर्षारंभी ठरलेली उद्दिष्टे समोर ठेवून कर्मचाऱ्याचे निवेदन वाचणे. त्याच्याशी समक्ष बोलणे. प्रत्येक उद्दिष्टापुढे घडलेल्या गोष्टीचा दाखला देऊन अभिप्राय लिहिणे. आणि रेटिंग सुचविणे. यातील शेवटच्या शब्दावर पत्राने भर द्यावा, कारण सर्वांत मोठा कलह तेथूनच उद्भवतो. मॅनेजर रेटिंग देत नाही, सुचवितो. ते पक्के होते समतोलाच्या बैठकीत. परंतु एप्रिलमधल्या संभाषणात मॅनेजर भिडेखातर सांगून बसतो की ‘तुला मी पाचपैकी पाच दिले आहेत’, मे महिन्यात बैठक त्याचे चार करते, आणि मग तो कर्मचाऱ्यापुढे जाऊन म्हणतो, ‘मी दिले होते, वरच्यांनी कापले.’ एका वाक्यात तो स्वतः सज्जन ठरतो आणि संपूर्ण पद्धती लबाड ठरते. म्हणून पत्रात स्पष्ट ताकीद असावी की एप्रिलच्या संभाषणात कामाविषयी बोलावे, आकड्याविषयी बोलू नये. आकडा २२ मे रोजी पगारवाढीच्या पत्राबरोबरच कळेल, आणि तो आकडा समजावून सांगण्याची जबाबदारी मॅनेजरची राहील.

एवढे झाले की मूळ प्रश्न पुढे येतो: २७ एप्रिल उलटली आणि सहा मॅनेजरांचे काम अपुरे आहे, तर काय? याचे एक उत्तर आपल्या शासनव्यवस्थेने देऊन ठेवले आहे, आणि खाजगी कारखान्यांतील एचआरने ते अभ्यासण्यासारखे आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत ज्याला पूर्वी गोपनीय अहवाल म्हणत, त्याचे स्वरूप २००९ मध्ये पालटले. त्यास निमित्त झाले देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालाचे. सीमावर्ती रस्त्यांच्या सेवेतील एका अभियंत्याच्या अहवालात एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा होता. तो प्रतिकूल नाही म्हणून त्याला कळविण्यात आला नाही; परंतु बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ हवा असल्यामुळे त्या न कळविलेल्या शेऱ्यानेच त्याची बढती अडली. न्यायालयाने ठरविले की अनुकूल असो वा प्रतिकूल, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्यास कळविली पाहिजे. नोंद कळवावयाची म्हणजे ती वेळेवर लिहिलेली असावयास हवी. आणि म्हणून सरकारने टप्प्याटप्प्याचे वेळापत्रक घालून दिले. ३१ मार्चपर्यंत कोरे नमुने वाटणे, १५ एप्रिलपर्यंत कर्मचाऱ्याचे स्वतःचे निवेदन, ३० जूनपर्यंत प्रतिवेदन अधिकाऱ्याचा अभिप्राय, ३१ जुलैपर्यंत पुनर्विलोकन, आणि हरकती-निर्णयांसह सारा व्यवहार ३० नोव्हेंबरला समाप्त.

तारखांपेक्षा महत्त्वाची आहे ती त्यांच्यासोबतची दुसरी तरतूद. प्रतिवेदन अधिकाऱ्याने ३० जूनपर्यंत अभिप्राय लिहिला नाही, तर तो लिहिण्याचा त्याचा अधिकारच संपुष्टात येतो, आणि हाती राहिलेले सर्व अहवाल त्याने लगेचच्या कामाच्या दिवशी पुनर्विलोकन अधिकाऱ्याच्या स्वाधीन करावयाचे असतात. पुनर्विलोकन अधिकाऱ्याचाही अधिकार ३१ ऑगस्टनंतर तसाच जातो. कसूर करणाऱ्यांची नावे दप्तर सांभाळणारा विभाग वरिष्ठांच्या नजरेस आणतो, खुलासा मागविला जातो, आणि तो समाधानकारक नसेल तर लेखी समज खुद्द कसूरदाराच्याच अहवालाच्या फाइलीत लावता येते. दोघांचाही अधिकार गेला तर कर्मचाऱ्याचे स्वतःचे निवेदन तेवढे दप्तरी दाखल होते. हे सारे प्रत्यक्षात नेहमी काटेकोर पाळले जाते असे कोणी म्हणणार नाही. पण रचनेतली दृष्टी अचूक आहे. विलंबाचा परिणाम विलंब करणाऱ्यावर येतो, ज्याचे मूल्यमापन व्हावयाचे त्याच्यावर शक्यतो येऊ नये अशी तजवीज केलेली आहे, आणि हा परिणाम घडवून आणण्यासाठी कोणाला रागवावे लागत नाही. तो तारखेबरोबर आपोआप लागू होतो.

आपल्या चाकणच्या कारखान्यात हीच दृष्टी लहान प्रमाणात आणावी. ज्याला कचेऱ्यांत ‘एस्कलेट करणे’ म्हणतात ते बहुधा चिडून केले जाते. एचआरची व्यक्ती तीन आठवणी पाठविते, चौथ्या वेळी साहेबांना प्रतीत घालते, मॅनेजरला ती चहाडी वाटते, आणि पुढचे सहा महिने दोघांत अबोला. यावरचा उपाय हा की वर कळविण्याची पायरी पहिल्याच पत्रात, कोणाचीही कसूर घडण्यापूर्वी, सर्वांना एकाच वेळी सांगून टाकावी आणि विभागप्रमुखांना आरंभापासूनच प्रत द्यावी. मग २८ एप्रिलला यादी वर गेली तर ती तक्रार ठरत नाही, ठरलेल्या नियमाची अंमलबजावणी ठरते. त्या यादीत विशेषणे नसावीत. नाव, एकूण माणसे, अपुरे राहिलेले नमुने, एवढेच. आणि ती फक्त त्या त्या विभागप्रमुखाकडे जावी. सर्व ३८ जणांना एकदम यादी पाठवून सहा जणांची फजिती करण्याची जी रीत काही ठिकाणी आहे, तिने काम एक दिवस लवकर होते खरे, पण घाईने भरलेले ते नमुने बैठकीत वाचण्याच्या लायकीचे राहत नाहीत.

पत्राचा मसुदा साधारण असा होईल:

‘विषय: वार्षिक मूल्यमापन २०२५-२६: आपला अभिप्राय २७ एप्रिल (सोमवार) सायंकाळी ५ पर्यंत.

स. न. वि. वि. आपल्याकडील कर्मचाऱ्यांची यादी सोबत जोडली आहे. तीत चूक असल्यास २३ मार्चपर्यंत कळवावे, त्यानंतर यादी कायम समजली जाईल. कर्मचारी आपले निवेदन १३ एप्रिलपर्यंत भरतील. ज्यांनी भरले नाही त्यांच्यासाठी आपण थांबू नये. निवेदनाविना अभिप्राय लिहावा आणि तशी नोंद करावी. १५ ते २७ एप्रिल या काळात प्रत्येकाशी समक्ष बोलून अभिप्राय व सुचविलेले रेटिंग प्रणालीत भरावे. रेटिंग कर्मचाऱ्यास सांगू नये.

२४ एप्रिलला शिल्लक कामाची आठवण फक्त आपणांस येईल. २८ एप्रिलला सकाळी ११ वाजता अपुऱ्या नमुन्यांची संख्या आपल्या विभागप्रमुखांस कळविली जाईल. २९ एप्रिलला सायंकाळी ५ वाजता प्रणाली बंद होईल. राहिलेले अभिप्राय विभागप्रमुख ३ मेपर्यंत स्वतः लिहितील, आणि मॅनेजरचा अभिप्राय मुदतीत आला नाही अशी नोंद आपल्या स्वतःच्या मूल्यमापनात राहील. कर्मचाऱ्याची पगारवाढ या कारणाने थांबणार नाही. आजारपण वा रजा असल्यास २० एप्रिलपूर्वी कळवावे, पर्यायी व्यवस्था करू.’

हे पत्र १६ मार्चला जावे, आणि १५ एप्रिलला सकाळी त्याचीच तीन ओळींची आवृत्ती पुन्हा जावी. कारण महिन्यापूर्वीचे पत्र शोधून वाचण्याइतका सोशिक मॅनेजर दुर्मिळ. विषयाच्या ओळीतच कृती आणि तारीख घातली आहे, हे सहेतुक आहे. मोबाइलवर बहुतेकांच्या दृष्टीस तेवढीच ओळ पडते.

मसुद्यात यादी तपासण्यासाठी स्वतंत्र मुदत दिली आहे. तिचे महत्त्व एका उदाहरणाने कळेल. एक सुपरवायझर एप्रिल ते नोव्हेंबर प्रेस शॉपमध्ये होता, डिसेंबरपासून पेंट शॉपमध्ये आला. संगणकातील यादीत तो पेंट शॉपच्या मॅनेजरखाली दिसतो, ज्याने त्याला अवघे चार महिने पाहिले आहे. प्रेस शॉपच्या ज्या मॅनेजरने आठ महिने पाहिले तो जानेवारीत नोकरी सोडून गेला. आता लिहावयाचे कोणी? सरकारी नियमात किमान तीन महिने काम पाहिल्याशिवाय अभिप्राय लिहिता येत नाही, आणि वर्षात दोन अधिकाऱ्यांखाली पुरेसा काळ गेला असेल तर दोन्ही काळांचे स्वतंत्र अहवाल होतात. कारखान्यातही तसेच व्हावे. चार महिन्यांचा भाग पेंट शॉपच्या मॅनेजरने लिहावा. आठ महिन्यांचा भाग प्रेस शॉपच्या विभागप्रमुखाने उत्पादनाच्या नोंदी, नाकारलेल्या मालाचे प्रमाण आणि हजेरी पाहून लिहावा. आणि बैठकीने दोहोंना काळाच्या प्रमाणात वजन द्यावे. परंतु ही गोष्ट २३ मार्चला उघडकीस आली तरच हे शक्य. ती २७ एप्रिलला कळली, तर नवा मॅनेजर ‘काम समाधानकारक’ असे दोन शब्द लिहून मधले रेटिंग देतो, आणि आठ महिने राबलेल्या माणसाला आपल्या श्रमांचा कोणी साक्षीदारच उरला नाही असे आढळते. यावर आणखी एक तरतूद आहे, जी खरे म्हणजे मूल्यमापनाच्या पत्राबाहेरची: मॅनेजर नोकरी सोडतो वा बदलून जातो तेव्हाच, त्याचा हिशेब चुकता करण्यापूर्वी, त्याच्या प्रत्येक माणसाविषयी एक परिच्छेद लिहून घ्यावा. नोटीस पिरियडचा एक दिवस त्यासाठी पुरतो.

नव्याने रुजू झालेल्यांचा प्रश्न सोपा आहे. १ ऑक्टोबरनंतर आलेल्यांना या वर्षी वगळावे आणि तसे त्यांना कळवावे. न कळविता वगळले की ते मेअखेर विचारत येतात. प्रसूतीच्या रजेवरील कर्मचारिणीचे मूल्यमापन मात्र ती हजर होती तेवढ्या काळावर व्हावे. रजेचे महिने ‘शून्य काम’ म्हणून मोजले जातात की काय, हे एचआरने स्वतः उघडून पाहावे.

काम बिघडत आहे हे मुदतीपूर्वीच ओळखता येते. २० एप्रिलला, म्हणजे अकरापैकी पाच दिवस संपल्यावर, एकूण ४२० पैकी निदान शंभर-सव्वाशे नमुने पुरे झालेले नसतील, तर मॅनेजर लिहीत नाहीत, ते शेवटच्या संध्याकाळची वाट पाहत आहेत. दुसरी खूण नमुन्याच्या वेळांत असते. एकाच मॅनेजरचे बारा नमुने चार-चार मिनिटांच्या अंतराने दाखल झाले असतील, तर त्यांपैकी कोणाशीही बोलणे झालेले नाही असे समजावयास हरकत नाही. म्हणूनच नमुन्यात संभाषणाची तारीख मॅनेजरने घालावी आणि ती कर्मचाऱ्याने मान्य करावी, अशी सोय असावी. तिसरी खूण म्हणजे सर्वांना एकच रेटिंग आणि अभिप्रायांत तीच ती वाक्ये. असे नमुने मुदतीत आले तरी आलेले समजू नयेत. २८ आणि २९ एप्रिल हे राखून ठेवलेले दोन दिवस त्यांच्या दुरुस्तीसही उपयोगी पडतात. येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. दंडाच्या भयाने वेळ पाळली जाते, गुणवत्ता येत नाही. ती पाहण्याचे काम विभागप्रमुखाचेच आहे, आणि त्याने निदान प्रत्येक मॅनेजरचे दोन-तीन अभिप्राय स्वतः वाचल्याशिवाय ४ मेच्या बैठकीस बसू नये.

पत्रे २२ मे रोजी वाटली गेली, २६ मेपर्यंत मॅनेजरांनी प्रत्येकास निकाल समजावून सांगितला, की मग हरकतींचा टप्पा. पत्र मिळाल्यापासून १५ दिवस ही मुदत सरकारी पद्धतीत आहे आणि ती योग्यच आहे. तीन-चार दिवसांत माणूस रागाने लिहितो, महिन्यानंतर लिहीतच नाही. हरकत ज्या मॅनेजरने रेटिंग सुचविले त्याच्याकडे निर्णयासाठी जाऊ नये. त्याची कैफियत मागवावी, निर्णय विभागप्रमुख आणि दुसऱ्या विभागाचा एक प्रमुख यांनी मिळून द्यावा. तो ३० जूनच्या आत लेखी कळवावा. रेटिंग बदलले तर वाढीचा फरक १ एप्रिलपासून मोजून जुलैच्या पगारात द्यावा, आणि बदलले नाही तर कोणती कागदपत्रे पाहून तसे ठरले, हे उत्तरात नमूद करावे. ज्या नमुन्यात ‘मॅनेजरचा अभिप्राय मुदतीत आला नाही’ अशी नोंद असेल, त्याच्या हरकती आधी घ्याव्यात.